लग्नाचा फोटो, १३ डिसेंबर १९८१ : छोट्या मजकुराच्या प्रकल्प नोंदी

२४ नोव्हेंबर २०२५

काम हातात आलं. एका मुलीच्या आई-बाबांच्या लग्नाचा एक कृष्णधवल फोटो आहे, लग्न परळच्या एका हॉलमधलं. १३ डिसेंबरला ४४ वर्षं पूर्ण होतात. त्या दिवशी मुलीला हा फोटो घरच्या ग्रुपवर आणि स्वतःच्या पानावर टाकायचा आहे, सोबत फोटोतल्या वेळचे ते दोघं कसे असतील याची कल्पना करून लिहिलेला छोटा मजकूर. तिची एकच अट आहे: दुसऱ्या कुणाच्याही फोटोखाली चालून जाईल असं काही नको.

फोटो साडेचार इंची चौरस आहे. चौरस प्रिंट दिसला की १२० चा रोल समजायचा. त्यात बाराच फोटो निघायचे, त्यामुळे फोटोवाला हात राखून बटण दाबायचा. या मजकुराला त्याचा उपयोग आहे. बारातला एक फोटो या क्षणावर खर्च झाला, म्हणजे तो क्षण सांगून, थांबवून घेतलेला असणार. सहज टिपलेला नव्हे.

प्रिंट फ्रेममध्ये आहे आणि खालचा डावा कोपरा काचेला चिकटलाय. मुंबईच्या पावसाळ्यात हे नेहमीचं. फोटोच्या वरचा जिलेटिनचा थर ओल धरतो, मऊ होतो आणि काचेला धरून बसतो. तो ओढून काढायचा नाही. कागद सुटतो, चित्र काचेवर राहतं. मागचा पुठ्ठा आणि खिळे काढले, फोटो काचेसकट ठेवला.

२६ नोव्हेंबर

काचेतूनच स्कॅन केला. इथे स्कॅनरची जात बघावी लागते. पातळ, स्वस्त स्कॅनरमध्ये सेन्सर काचेला अगदी लगटून असतो आणि दोन-तीन मिलिमीटर वरची वस्तूही त्यात धूसर येते. फ्रेमची काच मध्ये आली की सगळे चेहरे लोण्यासारखे होतात. आरसे आणि भिंग असलेला जाड जुना स्कॅनर घेतला, त्यात खोली सांभाळली जाते. आधी ६०० डीपीआय, करड्या छटांमध्ये, १६ बिट, टिफ फाइल. नंतर पूर्ण फोटो १२०० वर पुन्हा, कारण वरच्या उजव्या भागात भिंतीवर घड्याळ आहे.

प्रिंटवर ते घड्याळ जेमतेम चार मिलिमीटरचं आहे. ६०० ला काटे एकमेकांत मिसळलेले होते, १२०० ला सुटे झाले: बारा बावीस. घड्याळ बघायचं आणखी एक कारण आहे. निगेटिव्ह उलटी ठेवून छापलेले प्रिंट जुन्या अल्बमांत बरेच सापडतात. हा फोटो उलटा छापलेला असता तर हेच काटे अकरा अडतीस दाखवतात, आणि तीही अगदी शक्य वाटणारी वेळ आहे. म्हणून पदर तपासला. तो डाव्या खांद्यावर आहे, तेव्हा फोटो सुलटा आणि वेळ बारा बावीसच.

मुलीने दुपारी लग्नपत्रिका पाठवली. शके १९०३, मार्गशीर्ष, मुहूर्त बारा वाजून सतरा मिनिटे. हॉलचं घड्याळ बरोबर चालत असेल तर फोटो लग्न लागल्यावर पाच मिनिटांनी काढलेला आहे. घड्याळ मागेपुढे असू शकतं, म्हणून आणखी पुरावा शोधला. दोघांच्या गळ्यात हार आहेत, म्हणजे अंतरपाट दूर झालाय. कपाळावर मुंडावळ्या आहेत. तिच्या गळ्यात मंगळसूत्र मात्र नाही. हाराआड गेलं असेल का, हे १२०० वर दोन्ही खांद्यांपासून खालपर्यंत बघितलं, काळे मणी कुठेच नाहीत. घरागणिक विधींचा क्रम थोडा हलतो, पण हार आहेत आणि मंगळसूत्र नाही, असा वेळ लग्नात फार थोडा असतो. घड्याळ खरं बोलतंय.

साडी फिकट करडी, काठ बारीक. कृष्णधवल फिल्मवर पिवळा रंग उजळ येतो, लाल आणि हिरवा जवळजवळ सारख्याच गडद करड्यात जातात. म्हणजे ही पिवळी असावी, शालू नव्हे. घरच्यांना विचारून घेणे.

२७ नोव्हेंबर

साफसफाईत एक चूक होता होता राहिली. तिच्या केसांवर, त्याच्या खांद्यांवर आणि दोन्ही हारांवर पांढरे ठिपके आहेत. पहिल्या फेरीत ते धूळ समजून पुसायला घेतले होते. मोठं करून बघितल्यावर लक्षात आलं की त्या अक्षता आहेत.

फरक कसा ओळखायचा ते लिहून ठेवतो. निगेटिव्हवरची धूळ प्रिंटवर पांढरी उमटते, कडा एकदम धारदार असतात, आणि ती चेहरा, भिंत, छत असा भेद करत नाही, कुठेही पडते. अक्षता लांबुळक्या असतात, चेहऱ्याइतक्याच धूसर किंवा स्पष्ट दिसतात, आणि वर तोंड असलेल्या जागीच टेकतात: केस, खांदा, हाराची घडी. फ्लॅश बाजूने मारलाय, त्यामुळे मोठ्या दाण्यांना बारीक सावलीही आहे. भिंतीवरचे आणि कपाळावरचे मिळून चाळीसेक ठिपके पुसले. बाकीचे सगळे ठेवले. पाच मिनिटांचा सगळ्यात चांगला पुरावा या अक्षताच आहेत, कारण त्या फार वेळ खांद्यावर राहत नाहीत.

कडेच्या काळ्या भागावर निळसर चकाकी आहे. ती प्रिंटमधल्या चांदीची आहे. स्कॅनमध्ये थोडी गडद करून घेतली, मूळ प्रिंटला हात लावला नाही. रंग भरायचे नाहीत असं ठरलं. शालूचा रंग घरात तीन जणांना तीन वेगळे आठवतात आणि फोटोत शालू नाहीच.

२९ नोव्हेंबर

माहितीसाठी दोन फोन. बाबांची बहीण, म्हणजे मुलीची आत्या, ती लग्नात करवली होती. आणि आईची धाकटी बहीण, मावशी. आई-बाबांना आत्ता विचारायचं नाही, कळेल त्यांना.

प्रश्न कसे विचारायचे याचा एक नियम पाळतो. "तेव्हा कसं वाटत होतं?" असं विचारलं की माणूस आजच्या मनाने उत्तर देतो: खूप छान वाटत होतं, साधेपणा होता, माणसं प्रेमळ होती. त्यातून एक ओळही मिळत नाही. "सकाळी काय खाल्लं होतं?", "हॉलवर कशाने आलात?", "पायात काय होतं?" असं विचारलं की माणूस त्या सकाळी जाऊन पोचतो आणि मग न विचारलेलंही सांगतो.

मावशीकडून मिळालेलं: माहेर कणकवलीजवळचं. वऱ्हाड शुक्रवारी पहाटे एसटीने परळला उतरलं, आदल्या संध्याकाळी बसलेलं. पिवळी साडी मामाने दिलेली. लग्न लागेपर्यंत आईने फक्त चहा घेतला होता. हार निशिगंधाचा, ओला आणि इतका जड की "ताईची मान वाकली होती".

आत्याकडून: बाबा गिरणीत साचा खात्यात. रजा चार दिवसांची, गुरुवारी पुन्हा पहिली पाळी. राहायला लालबागची एक खोली. लग्नाआधी दोघांनी एकमेकांना दोनदा पाहिलं, एकदा बघायला गेले तेव्हा आणि एकदा साखरपुड्याला. संध्याकाळी लक्ष्मीपूजनाला ताटातल्या तांदळात अंगठीने नवं नाव लिहिलं. ते नाव बाबांनी स्वतः ठरवलं होतं आणि फक्त आत्याला सांगितलं होतं.

वीस मिनिटांचे दोन फोन, आणि मजकुराला लागेल त्याच्या तिप्पट माल जमला.

२ डिसेंबर

मुलीने लिहिलेला पहिला खर्डा आला. जसाच्या तसा:

> स्वप्नाळू डोळ्यांचा तो आणि लाजरी ती. कोकणातून रेल्वेने आलेली एक साधी मुलगी आणि लालबागचा एक कष्टाळू तरुण. पुढे गिरणीचा संप आला, दिवस वाईट आले, पण त्यांनी एकमेकांचा हात सोडला नाही. चाळीतल्या एका खोलीतून सुरू झालेला हा प्रवास आज ४४ वर्षांचा झाला!

जीव ओतून लिहिलंय, आणि यातली प्रत्येक भावना खरी आहे. तरी हे या फोटोखाली बसत नाही. का ते नीट मांडून तिला पाठवायचं होतं, म्हणून सविस्तर नोंद.

सोपी चूक आधी. कोकण रेल्वेचा पूर्ण मार्ग जानेवारी १९९८ मध्ये खुला झाला. १९८१ मध्ये कणकवलीला रेल्वे नव्हती. एसटी आणि रात्रभरचा महामार्ग. आपल्या लहानपणी जे होतं ते आधीपासूनच होतं असं मन धरून चालतं, आणि आई-बाबांच्या तारुण्याबद्दल लिहिताना या प्रकारची चूक सगळ्यात जास्त होते. गावाच्या बाबतीतही तेच: सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ ला वेगळा झाला, पण पत्रिकेवर डिसेंबरातही "जि. रत्नागिरी" छापलंय. हाताला लागलेली सवय सात महिन्यांत जात नाही. जिल्ह्याचं नाव मजकुरात घेतलंच नाही, तर प्रश्नच मिटतो.

"स्वप्नाळू डोळे" म्हणजे प्रत्यक्षात फ्लॅशने अर्धवट मिटलेले डोळे आहेत. भिंतीवर दोघांच्या उजवीकडे कडक सावली पडलीय, ती बघितली की फ्लॅश किती जवळून आणि कुठल्या बाजूने मारला ते कळतं. "लाजरी" या शब्दाचंही तसंच. तिची मान खाली आहे हे दिसतं. लाज दिसत नाही. मान खाली जायला ओला हार, उपाशी पोट, फोटोवाल्याची सूचना आणि समोर बसलेली शेदीडशे माणसं, अशी चार कारणं आहेत. आपण विशेषण लावून त्यातलं एक निवडतो आणि बाकीची तीन पुसून टाकतो. मान खाली आहे एवढंच लिहावं आणि कारणं शेजारी ठेवावीत. वाचणारा आपलं आपण जोडतो.

आता खरी अडचण: संप. गिरणी कामगारांचा संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला, या लग्नानंतर ३६ दिवसांनी. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले, आणि लालबाग-परळमधल्या घरांचं पुढचं सगळं त्याने बदललं. मुलीला तो लिहावासा वाटणं साहजिक आहे, तिच्या आई-बाबांच्या आयुष्यातली ती सगळ्यात मोठी घटना आहे. पण बारा बावीसला त्या हॉलमध्ये उभ्या असलेल्या मुलाला तो माहीत नाही. बोनसवरून काही गिरण्यांत दिवाळीपासून काम थांबलं होतं, कुजबुज त्याच्या कानावर असणार. संप मात्र अजून व्हायचाय. "पुढे संप आला" हे शब्द लिहिले की फोटोतली दोघं तिथून निघून जातात आणि त्यांच्या जागी आजचे साठी ओलांडलेले आई-बाबा येऊन उभे राहतात. मग तरुणपणाची कल्पना उरत नाही, फक्त आठवण उरते.

म्हणून या कामापुरता नियम ठरला: मजकुरात पुढचं तेवढंच येईल जे त्या दोघांना त्या मिनिटाला माहीत होतं. संध्याकाळी लक्ष्मीपूजन आहे, हे माहीत होतं. गुरुवारी पाळी आहे, हेही माहीत होतं. बाकी काही नाही.

आणि गंमत अशी की संप त्यामुळे जात नाही. "गिरणीत चार दिवसांची रजा, गुरुवारी पुन्हा पहिली पाळी" आणि खाली "१३ डिसेंबर १९८१" एवढं वाचलं की लालबागमध्ये वाढलेल्या कुणाच्याही पोटात कालवतं. त्याला तारीख पुरते.

४ डिसेंबर

मुलीला नियम पटला. आता दुसरा प्रश्न: कल्पना किती करायची आणि ती कल्पना आहे हे कसं कळू द्यायचं.

मराठीत यासाठी सोय तयार आहे. "मान दुखते आहे" म्हटलं की आपण बघितल्यासारखं सांगतो. "मान दुखत असणार" म्हणजे खात्रीचा अंदाज. "दुखत असावी" म्हणजे पुराव्यावरून बांधलेला अंदाज. "दुखत असेल" अगदी सैल, कशालाही चालतो. फोटोत दिसणाऱ्या किंवा घरच्यांनी सांगितलेल्या गोष्टी साध्या वर्तमानकाळात ठेवल्या आणि मनातल्या, शरीरातल्या गोष्टींना "असावी" लावलं. पण सगळीकडे नाही. चार ओळींत चार वेळा "असावा" आलं तर पंचनामा वाचल्यासारखं वाटतं. दोनदा पुरे, तिच्यासाठी एक, त्याच्यासाठी एक.

मागच्या रांगेत एक माणूस चामडी पाकिटातला ट्रान्झिस्टर कानाला लावून उभा आहे. मुलीने "गावसकर खेळतोय का ते ऐकतोय" असं सुचवलं. बंगळूरला भारत-इंग्लंड कसोटी ९ ते १४ डिसेंबरला होती, तेव्हा सूचना मुळातून चुकीची नाही. पण त्या काळी कसोटीच्या मध्ये विश्रांतीचा दिवस असे, आणि रेडिओवर रविवारी दुपारी इतरही पुष्कळ काही लागायचं. ट्रान्झिस्टर दिसतो तेवढा लिहिता येईल. तोही ठेवायचा की नाही ते नंतर बघू. तो माणूस फार लक्ष खेचतो.

५ डिसेंबर

आज सगळा दिवस एका शब्दावर गेला. "तो" की "ते"?

आईबद्दल घरात "ती" म्हणतात, आई अगं आहे. बाबांबद्दल "ते", आणि बाबांना "तुम्ही". मजकूर घरच्या ग्रुपवर जाणार, तिथे आत्या आहे, दोन काका आहेत. "तो चोवीस वर्षांचा" असं मुलीने लिहिलं तर कुणाला तरी खटकणार. "ते चोवीस वर्षांचे आहेत" लिहिलं तर फोटोतला मुलगा क्षणात बाबा होतो, केस पांढरे होतात. शिवाय "ती" आणि "ते" अशी जोडी शेजारी आली की एकाला मान आणि एकीला नाही, हे कागदावर फारच उघडं दिसतं.

तीन वाटा करून बघितल्या. पहिली, दोघांना "ही दोघं" म्हणत राहायचं. दोन ओळींनंतर वाक्यं अवघडतात. दुसरी, थेट बोलायचं, "बाबा, तुम्ही चोवीस वर्षांचे आहात". यात लिहिणारी मुलगी हॉलमध्ये येऊन उभी राहते, आणि ती तर तेव्हा जन्मलेलीच नाही. तिसरी, फोटोत "तो" आणि "ती", आणि शेवटच्या ओळीत पहिल्यांदा "आई, बाबा". तिसरी घेतली. मुलगी चाळिशीची आहे. फोटोतला मुलगा तिच्यापेक्षा कितीतरी लहान, त्याला "तो" म्हणणं बरोबर आहे, फक्त मजकूर संपायच्या आत नातं परत जागेवर यायला हवं. शेवटची हाक "आई, बाबा" आली की आधीचा प्रत्येक "तो" माफ होतो.

काळ वर्तमान ठेवला. "होता, होती" लिहिलं की लगेच आठवणींचा सूर लागतो.

नावाचंही ठरवलं. फोटो लक्ष्मीपूजनाच्या आधीचा आहे, तेव्हा ती अजून माहेरच्या नावाची आहे. आज सगळे तिला ज्या नावाने ओळखतात ते नाव तिला बारा बावीसला माहीतही नाही. हे इतकं मोलाचं आहे की मजकुराचा मधला भाग यावरच उभा करायचा.

आजीबद्दल मुलीची ओळ होती, "मागे उभी असलेली आजी आज नाही". खरी आहे, पण ती आजची आहे. फोटोत आजी पन्नाशीची आहे आणि पदराने घाम पुसते आहे. ती ओळ मुलीने खाली स्वतंत्र लिहावी, या मजकुरात नको.

८ डिसेंबर

दुसरा खर्डा झाला. टायपिंगच्या दोन गोष्टी.

"वऱ्हाड" हा शब्द पुन्हा "वर्हाड" असा आला. मोबाइलच्या कीबोर्डवर साधा र, हलन्त आणि ह दिला की रफार चढतो. खालच्या नुक्त्याचा ऱ घेऊन हलन्त आणि ह दिलं तरच "ऱ्ह" उमटतं. अनेक कीबोर्डांवर र दाबून धरला की ऱ मिळतो.

दुसरं, लांबी. इन्स्टाग्रामवर मर्यादा २२०० चिन्हांची आहे, पण यंत्र मोजतं ते अक्षर नव्हे. काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळं वेगवेगळं. "लग्न" चार चिन्हं, "मुंडावळ्या" दहा. आपला मजकूर तरी निम्म्यातच बसतो. महत्त्वाचं म्हणजे सुरुवातीच्या दोनेक ओळीच दिसतात आणि बाकी घडी पडते. पहिल्या ओळी "आज माझ्या आई-बाबांच्या लग्नाचा वाढदिवस" अशा गेल्या तर पुढे कुणी उघडत नाही, शुभेच्छांचा अंगठा टाकून जातात. म्हणून घड्याळ वर घेतलं. वाचणारा आधी फोटोत घड्याळ शोधतो, आणि शोधता शोधता फोटो बघतो.

ट्रान्झिस्टरवाला काढला. त्याच्यावर एक ओळ गेली की नजर मागच्या रांगेत जाते आणि या दोघांकडे परत येत नाही.

१० डिसेंबर

मुलीने मजकूर आत्याला फोनवर वाचून दाखवला. छापलेलं वाचायला दिलं तर मोठी माणसं "छान आहे" म्हणतात. कानाने ऐकलं की दुरुस्त करतात. "पायांकडे बघायचं" या ओळीला तिने थांबवलं: "पायांकडे नाही गं, अंगठ्याकडे. हळद लागलेली ना अंगठ्याला." हे फोटोत नाही, फोटो गुडघ्यापर्यंतच आहे. पण नजर खाली आहे, आणि बघणारी साक्षीदार सांगते आहे. घेतलं.

"तो" बद्दल विचारलं. ती म्हणाली, "तेव्हा तो तोच होता, आमचा धाकटा."

१२ डिसेंबर

अंतिम मजकूर:

> घड्याळात बारा बावीस. मुहूर्त बारा सतराचा होता.
>
> म्हणजे लग्न लागून पाच मिनिटं झालीत. खांद्यावर अक्षता अजून तशाच आहेत.
>
> ती वीस वर्षांची. परवा पहाटे एसटीतून परळला उतरली. मामाने दिलेली पिवळी नेसली आहे, पोटात सकाळपासून फक्त चहा आहे, आणि निशिगंधाच्या ओल्या हाराने मान दुखत असावी.
>
> तो चोवीसचा. फ्लॅशने डोळे मिटले ते तसेच आले. "पुन्हा काढा" म्हणायचा धीर होत नसावा.
>
> आजवर दोघांनी एकमेकांना दोनदाच पाहिलंय, तेही सगळ्यांच्या देखत. आता मध्ये अंतरपाटही नाही. तिने पायाच्या अंगठ्याकडे बघायचं ठरवलंय. त्याने समोर.
>
> संध्याकाळी लालबागच्या खोलीत तो ताटातल्या तांदळात अंगठीने तिचं नवं नाव लिहील. नाव त्याने ठरवलंय, तिला अजून सांगितलेलं नाही. तोवर ती माहेरच्याच नावाची आहे.
>
> गिरणीत चार दिवसांची रजा आहे. गुरुवारी पुन्हा पहिली पाळी.
>
> १३ डिसेंबर १९८१, रविवार, परळ.
>
> आई, बाबा, आज ४४ वर्षं झाली.

"पुन्हा काढा" ही ओळ एकमेव शुद्ध कल्पना आहे. तिला आधार एवढाच की बारा फोटोंच्या रोलमध्ये हा क्षण दुसऱ्यांदा काढलेला नाही; अल्बममध्ये याच्या पुढचा फोटो थेट सप्तपदीचा आहे.

शेवटी "खूप खूप शुभेच्छा" जोडायच्या का, असं मुलीने विचारलं. नको. त्या खाली इतर लोक देतीलच.

फोटोची फाइल दोन प्रकारे दिली. पानासाठी १०८० पिक्सेल रुंदीची जेपीईजी, तिच्यात काटे मिसळतात त्याला इलाज नाही. व्हॉट्सअ‍ॅपसाठी ५४०० पिक्सेलची, आणि ती फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवायची. फोटो म्हणून पाठवली की दाबली जाते, घड्याळाचे काटे पुन्हा मिसळतात आणि पहिलीच ओळ खोटी पडते. पत्रिकेचा फोटो सोबत टाकायचा नाही, त्यावर दोन्ही घरांचे पत्ते आहेत.

१३ डिसेंबर

सकाळी सातला आधी घरात दाखवला, आईने हो म्हटल्यावर साडेआठला ग्रुपवर टाकला.

दुपारी दुरुस्ती आली, बाबांकडून. रजा चार दिवसांची नव्हती, तीनच: सोमवार, मंगळवार, बुधवार. रविवार त्यांच्या सुट्टीचा होता, तो रजेत धरायचा नाही. आत्याने मोजताना तो धरला होता आणि आम्ही वार मांडून बघितले नव्हते. शेवटून तिसरी ओळ बदलली: "गिरणीत तीन दिवसांची रजा आहे. गुरुवारी पुन्हा पहिली पाळी." पानावरचा मजकूर मुलीने बदलून घेतला. ग्रुपवरचा संदेश बदलायची मुदत उलटून गेली होती, म्हणून तिथे खाली एक ओळ टाकली: "बाबा म्हणतात, रजा तीनच दिवस होती."